तिनं गोळी मागितलीच नव्हती

"बाई, घरवाल्याच्या गोळ्या उरल्या हायेत. कधी शेजारीण मागते, कधी नणंद. दुखणं तेच, गोळी तेच. नाही म्हटलं तं म्हणतात, चार गोळ्यांसाठी जीव लहान केला. देल्या तं काय बिघडते?"

यवतमाळकडच्या आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर हे बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. पूर्वी मी सरळ "देऊ नका" म्हणायची. बाया मान हलवायच्या आणि घरी जाऊन द्यायच्या. आता मी मंदाची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, सांगायची परवानगी तिनंच दिली आहे.

कापूस वेचणीचे दिवस होते. मंदाच्या नवऱ्याला लघवीला जळजळ होऊन ताप आला, म्हणून डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन 500 मिलीग्रॅमच्या दहा गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस. दोन दिवसांत ताप उतरला तसा तो शेतात गेला आणि सहा गोळ्या डब्यात राहिल्या. त्याच आठवड्यात नणंद माहेरी आली. तिलाही लघवीला आग होत होती. मंदानं चार गोळ्या काढून दिल्या आणि दोन दिवसांत आग कमी झाली. दोघी खूश.

चौथ्या रात्री नणंदेला हुडहुडी भरली, कंबरेच्या वर एका बाजूला कळ उठली आणि उलट्या सुरू झाल्या. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचल्यावर कळलं की जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत आणि पोरगी दोन महिन्यांची गरोदर आहे. घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिची तिलाही खात्री नव्हती.

मंदा माझ्याकडे आली ती रडतच. "मीच तिचं वाटोळं केलं, बाई."

अशा वेळी माझा एक नेम आहे. जिला अगोदरच लाज वाटते आहे, तिला मी शिकवत नाही, विचारते. शिकवणं नंतर आपोआप होतं.

"नवऱ्याला गोळी लिहून देताना डॉक्टरांनी काय काय विचारलं होतं?"

"शुगर हाय का, दुसऱ्या गोळ्या चालू हायेत का, कोणत्या औषधानं कधी खाज-पुरळ आलं का."

"तुम्ही नणंदेला काय विचारलं?"

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "जेवली का, येवढंच."

मी असते तर पहिला प्रश्न पाळी कधी आली हा विचारला असता. त्या एका प्रश्नानं सगळं बदललं असतं. गरोदरपणात सिप्रोफ्लॉक्सॅसिन डॉक्टर सहसा टाळतात, त्याऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या गोळ्या असतात. आणि गरोदर बाईला लघवीचा जंतुसंसर्ग झाला तर तो लवकर वर चढतो, म्हणून तिला त्याच दिवशी तपासावं लागतं. मंदाला वाटत होतं, गोळीनं पोटातल्या लेकराचं नुकसान झालं. डॉक्टरांनी तिला समजावलं की चार गोळ्यांनी तसं होण्याची भीती फार कमी. खरं नुकसान झालं ते उशिरानं. आग कमी झाली म्हणून कोणी दवाखान्यात नेलंच नाही.

दुसरी अडचण दवाखान्यात आली. लघवीतले जंतू वाढवून कोणतं औषध त्यांना लागू पडतं ते बघतात, त्याला दोन-तीन दिवस जातात. नणंदेच्या नमुन्यात काही वाढलंच नाही. अर्धवट गोळ्यांनी जंतू तपासणीत दिसणार नाहीत इतके दबले, पण मेले नाहीत. नेमकं औषध ठरवायचा आधारच गेला. मग डॉक्टरांनी अंदाजानं इंजेक्शन सुरू केलं, ताप उतरल्यावर गोळ्या, असे मिळून चौदा दिवस. आता ती बरी आहे, लेकरूही.

एवढं झाल्यावरही मंदाचा मूळ प्रश्न उरलाच होता: नाही कसं म्हणायचं? मी विचारलं, "नणंद नेमकं काय म्हणाली होती? तिच्याच शब्दांत सांगा."

"म्हणे, वहिनी, आग होते वं, कोणाले सांगू?"

"यात गोळी कुठं आहे?"

मंदा माझ्याकडे बघतच राहिली. "नाही मागतली तिनं," ती हळूच म्हणाली. "तिले लाज वाटत होती. डाक्टर माणूस, घरात सासरा."

इतक्या बायांशी बोलून जे माझ्या ध्यानात आलं होतं, ते त्या दिवशी मंदाच्या तोंडून स्पष्ट ऐकलं. आपल्याकडे गोळी दिली जाते ती बहुतेक वेळा मायेपोटी, आणि लाजेवरचा आडमार्ग म्हणून. नुसतं "देऊ नका" म्हणणं म्हणजे बाईला माया करू नको म्हणण्यासारखं होतं, म्हणून ते कोणी ऐकत नाही. त्या हाताला दुसरं काही द्यायला सुचवावं लागतं. मंदाला मी वाक्य दिलं: "गोळी नाही देत, पण मी येते संगं." उपकेंद्रात बाईच बाईला तपासते, लघवीची पट्टी लगेच बघता येते, आणि डॉक्टर हवेच असले तर सरकारच्या ई-संजीवनीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, बोलणं होतं. मजुरीचा दिवस बुडत नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण खरी अडचण बरेचदा तीच असते.

पुढच्या ग्राम आरोग्य व पोषण दिवशी मी हेच बायांसमोर बोलले. एकीनं विचारलं, "पण बाई, उरलेल्या गोळीनं माणूस बराबी होते ना?" होतो कधीकधी, मी म्हटलं. सर्दी-खोकला बहुधा विषाणूनं होतो. त्याला ही अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारी गोळी लागू नाही, तो चार-आठ दिवसांत आपला आपण जातो आणि नाव गोळीचं होतं. जंतूंचं मात्र वेगळं. लघवीत त्रास देणारे जंतू बहुतेक आपल्याच आतड्यातून येतात. कोणतीही अँटिबायोटिक घेतली की तिथले कमजोर जंतू मरतात, तिला न जुमानणारे उरतात आणि वाढतात. मग तेच हातातून, संडासातून, पाण्यातून घरभर फिरतात. 2017 ची गुलाबी बोंडअळी आठवा म्हटलं. बीटी कपाशीवर न मरणाऱ्या अळ्या एकाच्या वावरात थांबल्या होत्या का? सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. हा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो.

चिठ्ठीवरच घ्यायची गोळी ओळखायची कशी, तर गोळ्यांच्या पत्त्यावर उभी लाल रेघ असते. ती दिसली की चिठ्ठीशिवाय घ्यायचीही नाही, द्यायचीही नाही. मात्र दुकानात पत्ता कात्रीनं कापून देतात, त्यात रेघ, नाव, मुदत सगळं जातं. म्हणून नाव असलेला तुकडा मागून घ्या. डॉक्टरांनी जितके दिवस लिहिले तितकेच दिवस घ्या. पुरळ आलं किंवा डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलं तर गोळ्या उरतातच. त्या उपकेंद्रात आणून द्या, आमच्याकडे त्या दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात.

पुरुषमंडळींचं अजून जमलेलं नाही. ते पानठेल्यावर गोळ्यांची देवाणघेवाण करतात आणि मी गेले की विषय बदलतात.

आणि कोणाची गोळी घेऊन झालीच असेल तर लपवू नका. नणंदेनं आधी "काही घेतलं नाही" असंच सांगितलं होतं. दवाखान्यात जाताना रिकामा पत्ता सोबत न्या, किती गोळ्या आणि शेवटची कधी घेतली ते सांगा. गोळीनंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला तर वाट न बघता 108 ला फोन करा. लघवीच्या आगीसोबत थंडी-ताप, पाठीच्या बाजूला कळ किंवा उलटी असेल, किंवा पाळी चुकलेली असेल, तर त्याच दिवशी या.