गूगल फोटोजमध्ये चेहऱ्यांनुसार फोटो लावताय? आधी हे वाचा

अरे घाई नको करू, पहिल्या दिवशी पन्नास अल्बम बनवायचे ही सगळ्यांची चूक, मीही केली होती.

माणसांसाठी अल्बम नकोच, ॲप सारख्या चेहऱ्यांचे गट आपोआप बनवतं, त्यांना नाव दे. आजीचे चष्म्यातले आणि बिनचष्म्याचे असे दोन गट दिसतील, दोन्हीला सेम नाव दिलंस की ॲप विचारतं एकच माणूस का, हो म्हण. अल्बम फक्त गणपती, लग्न अशा प्रसंगांना. आणि हो, अल्बममधून काढणं वेगळं, डिलीट वेगळं, डिलीट केलास तर फोटो सगळीकडूनच जातो!

प्रायव्हसीचं म्हणशील तर फोटो शेअर केलास तरी तू दिलेली नावं समोरच्याला जात नाहीत. तरी धाकधूक वाटली तर सेटिंगमध्ये Group similar faces बंद कर, गट, नावं, चेहऱ्याचा डेटा पुसला जातो, फोटो राहतात. फक्त नंतर नावं परत पहिल्यापासून द्यावी लागतात.