दिवाळीच्या कार्डाचं डिझाइन निवडताना

तीन डिझाइन समोर असली की नवखा माणूस आधी रंग बघतो. तुम्ही आधी मजकूर मोठ्याने वाचा. 'आपणांस व आपल्या कुटुंबीयांस' हे कुणालाही चालतं, म्हणून कुणालाच भिडत नाही. 'यंदा फराळाला नक्की या' यात माणूस दिसतो.

मग रंग. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी कागदावर मंदावतो, कारण शाईला तेवढा उजेड नसतो. गडद जांभळी पार्श्वभूमी घडीवर तडकते आणि पांढरी रेघ दिसते. म्हणून घडीपाशी फिका रंग ठेवा. एक नमुना छापून, घडी घालून बघितल्याशिवाय ठरवू नका.

खर्चात बहुतेक जण आकारावर चुकतात. डिजिटल छपाईचा कागद साधारण १२ × १८ इंच असतो:

- ५ × ७ चं घडीचं कार्ड, उघडल्यावर १० × ७: कागदात २, म्हणजे १०० कार्डांना ५० कागद.
- ४ × ५.५ चं, उघडल्यावर ८ × ५.५: कागदात ४, म्हणजे २५ कागद.

मी लहानच घेईन. गिरगावात किंवा फोर्टात छापायला द्याल, तेव्हा भाव कार्डाचा नाही, कागदाचा विचारा. सोनेरी फॉइल यंदा टाळा.