बुधवार की शनिवार?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

हजेरीपटाचे फोटो मिळाले. मोडीचा वर्ग दादरला इतके महिने टिकला, हे बघून बरं वाटलं. आधी बुधवारी घेतलेल्या बारा वर्गांची सरासरी हजेरी ९ आणि नंतर शनिवारी घेतलेल्या बारा वर्गांची १२, म्हणून नवी बॅच शनिवारी संध्याकाळी पाचलाच घ्यायची, असं तू लिहिलंयस. हॉलवाल्यांना एवढ्यात होकार कळवू नकोस. तुझ्याच पटात याच्या उलटंही बरंच काही लिहिलेलं आहे.

पहिली गोष्ट साधी आहे. बुधवारी पटावर १५ नावं होती, शनिवारी २२ झाली. पंधरापैकी नऊ म्हणजे शंभरात साठ, बावीसपैकी बारा म्हणजे शंभरात पंचावन्न. डोकी वाढली, पण ती नावं वाढल्यामुळे, वारामुळे नव्हे.

आता बुधवारचे आकडे ओळीनं वाच: १३, १२, ११, ४, १०, ९, ९, १०, ३, ९, ९, ९. त्यातला ४ म्हणजे हिंदमाताला पाणी तुंबून गाड्या रखडल्या तो दिवस. ३ हा गणपतीतला बुधवार. हे दोन दिवस वगळले, तर सरासरी दहाच्या जरा वर जाते, म्हणजे शंभरात सदुसष्ट. पण वगळताना हात सैल सोडू नकोस. मी एकच प्रश्न विचारते: हे विघ्न त्या वाराचं आहे, की त्या तारखेचं? पाऊस कुठल्याही वारी कोसळला असता, म्हणून तो वगळायचा. रविवारचा मेगाब्लॉक मात्र रविवारचाच. सकाळी अकराच्या सुमारापासून दुपारी चारपर्यंत गाड्यांचे हाल होतात ते जवळजवळ दर आठवड्याला, म्हणून ती घट रविवारच्या नावावर राहिलीच पाहिजे. मंगळवारी सिद्धिविनायकाला होणारी नेहमीची गर्दी मंगळवारची; अंगारकीची गर्दी मात्र त्या तारखेची. कारण आधी वहीत लिही आणि मगच आकडा बघ. आकडा बघून कारण शोधायला बसलं की नावडत्या आकड्याला कारण सापडतंच.

शनिवारच्या रकान्यात मला खरी गंमत दिसली. तू बाराची सरासरी काढलीस आणि तिथेच थांबलास. तारखांसमोर महिन्यातला कितवा शनिवार ते लिहून बघ. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सरासरी १४ जण आहेत, बाकीच्या शनिवारी १०. बारा जण असा वर्ग जवळपास कधी भरलाच नाही! बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतात आणि उरलेल्या शनिवारी चालू. बऱ्याच खासगी कचेऱ्यांतही हीच पद्धत आहे. तुझ्या वर्गात बँकवाले किती आहेत ते तुला माहीत आहे. तेव्हा तुझ्याकडे शनिवार हा एक वार नाहीच, दोन आहेत, आणि त्यातला चांगला शनिवारही शंभरात चौसष्टच्या पुढे जात नाही. तो पावसाळ्यातल्या बुधवारच्या जेमतेम बरोबरीला येतो.

फक्त दुसरा आणि चौथा शनिवार धरून अडीच-अडीच तासांचे वर्ग घ्यावेत, असं तुझ्या मनात येईल. चित्रकलेला ते चाललं असतं. मोडीत दोन आठवडे हात बसला नाही की अक्षरं विसरायला होतात आणि पुढच्या वेळी निम्मा वर्ग उजळणीत जातो. मी ते करणार नाही.

म्हणून लगेच बुधवारच्या बाजूनं निकाल देऊ नकोस. जुन्या पंधरा जणांनी बुधवार जमतो म्हणूनच नाव घातलं होतं, आणि नव्या सात जणांनी शनिवार जमतो म्हणून. ज्याला कुठलाच वार जमला नाही तो पटावर आलाच नाही, आणि त्याच्याबद्दल पट काही सांगू शकत नाही. चौकशीचे फोन आले त्यांची नावं तू डायरीत लिहितोस ना? ती काढ. जुन्यांपैकी तिघंजण शनिवार सुरू झाल्यावर एकदाही फिरकले नाहीत. त्यांची नावं खोडू नकोस, फोन कर. 'कुठला वार आवडेल?' असं विचारलंस तर लोक तुझं मन राखतात, 'कुठलाही चालेल' म्हणतात. 'कुठला वार अजिबात जमणार नाही, आणि घरी किती वाजेपर्यंत पोचायलाच हवं?' असं विचार. याची उत्तरं खरी येतात.

आता वेळ. तू वार आणि वेळ एकदमच बदललीस, बुधवार सातवरून शनिवार पाचवर, त्यामुळे कशाचा परिणाम किती ते या पटावरून कळणार नाही. पण बुधवारच्या एका पानावर तू समासात पेन्सिलनं आल्याच्या वेळा लिहिल्या आहेत: सातला चार, सात-दहाला सहा, सात-पंचवीसला नऊ. तेवढं एक पान मला बाकी सगळ्या पटापेक्षा मोलाचं वाटलं. फोर्टातलं ऑफिस साडेसहाला सुटलं, तर चर्चगेटपर्यंत चालत, मग वीसेक मिनिटं गाडी, मग दादरचा पूल आणि फुलबाजाराची गर्दी. माणूस सातला पोचणार कसा? उशिरा येणारे हे आळशी नव्हेत, पण दर वेळी पहिली पंचवीस मिनिटं बुडली की ते धागा हरवतात आणि पुढच्या महिन्यात यायचेच थांबतात. गैरहजेरीच्या आधी उशीर दिसतो. म्हणून यापुढे दर वर्गाला येण्याची वेळ टीप, आणि लवकर उठून जाणाऱ्यांचीही. डोंबिवलीची मंडळी सव्वाआठला चुळबूळ करू लागली, तर वर्ग सातऐवजी साडेसातला सुरू करण्याची किंमत ती आहे.

नव्या बॅचला सहा आठवडे असं कर. तोच धडा बुधवारी साडेसातला आणि शनिवारी पाचला, दोन्हीकडे तूच शिकव आणि कुणीही कुठल्याही दिवशी यावं. हॉलचं भाडं दुप्पट पडेल, पण सहाच आठवडे. पहिले दोन वर्ग हिशेबात धरू नकोस, नव्याची नवलाई असते. तुझे १३ आणि १२ तिथलेच. पंधरा-सोळा नावांच्या वर्गात काहीही कारण नसताना हजेरी दोनेकांनी वरखाली होतेच. तेव्हा उरलेल्या चार-चार वर्गांच्या सरासरीत एकाचा फरक पडला, तर तो फरक नाहीच असं समज आणि हॉल ज्या दिवशी स्वस्त मिळतो तो दिवस घे. तीनाचा पडला तर ऐक. बेरजेआधी माणसागणिक ओळ वाच: काहीजण कुठल्याही दिवशी येतील, त्यांच्यासाठी वार ठरवायची गरज नाही. एकाच दिवशी येऊ शकतात, ते किती आणि कुठल्या बाजूला, ते मोज.

हे सहा आठवडे मार्चमध्ये नको, परीक्षांमुळे घरातले पालक अडकतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू कर आणि गणपतीआधी संपव. पाऊस दोन्ही वारांना सारखाच छळेल. हॉलवाल्यांना बुधवारची साडेसात ते पावणेनऊ वेळ आत्ताच धरून ठेवायला सांग. ती वेळ एकदा योगवाल्यांनी घेतली की सुटायची नाही.

तुझ्या बाई