बारावी इंग्रजीची तोंडी: गप्प बसणाऱ्या मुलीचे मार्क जातात कुठे?

"मॅडम, मुलगी घरात इंग्रजी पुस्तकं वाचते, लेखी पेपरात चांगले मार्क आणते. पण अकरावीत बोलण्याच्या परीक्षेत पाचपैकी दोनच मिळाले. आता बारावीला बाहेरचे परीक्षक येणार. त्यांच्यासमोर तर हिचं तोंडच उघडणार नाही. काय करायचं?"

फोंड्याच्या एका आईचा हा प्रश्न. दिवाळी सरली की म्हापशापासून मडगावपर्यंतचे पालक थोड्याफार फरकाने मला हेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सीबीएसईच्या बारावीत इंग्रजीच्या तोंडीला बाहेरचे परीक्षक येत नाहीत. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला येतात, तेच चित्र पालकांच्या डोळ्यांपुढे असतं. इंग्रजी कोअरमध्ये लेखी 80 आणि अंतर्गत 20 मार्क असतात. त्या 20 मध्ये ऐकण्याचे 5, बोलण्याचे 5 आणि प्रकल्पाचे 10. हे सगळे मार्क शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षिकाच देतात, म्हणजे वर्षभर मुलीला ओळखणारी व्यक्ती. हा खुलासा केला तेव्हा त्या आईच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. मुलीच्या मात्र नाही. ती म्हणाली, "ओळखतात, म्हणूनच त्यांना माहीत आहे की मी बोलत नाही."

तिला आपण सानिका म्हणू. ती माझ्याकडे काही आठवडे आली. सगळं लिहीत बसत नाही, ज्या दोन-तीन बोलण्यांनी गाडी हलली तेवढंच सांगते.

पहिल्या भेटीत मी तिला परीक्षेच्या दिवशी वर्गात काय झालं ते जसंच्या तसं सांगायला लावलं. 'भीती वाटली' यापुढे मुलं सहसा जात नाहीत. मी मात्र कोण कुठे बसलं होतं, कोण आधी बोललं, बाईंच्या हातात काय होतं, एवढं विचारते. भीतीशी वाद घालून ती गेल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. वागणं बदललं की भीती मागाहून बदलते, अशी माझी पक्की धारणा आहे. आणि वागणं बदलायचं तर आधी ते बारकाईनं दिसायला हवं.

तिनं सांगितलं ते असं. आठ जणांचा गट गोल बसवला होता. विषय होता, पर्यटनामुळे गोव्यातल्या गावांचं भलं झालं की नुकसान. वेळ दहा मिनिटं. बाई बाजूला वही घेऊन बसलेल्या. दोन मुलगे सारखे बोलत होते, बाकीचे अधूनमधून. सानिका शेवटच्या मिनिटाला एक वाक्य बोलली, तेही अर्धवट.

मी विचारलं, "या विषयावर तुझं काय मत आहे?"

ती सुरूच झाली. किनाऱ्यालगत तिच्या मामाचं घर आहे, त्यानं खोल्या भाड्यानं दिल्यात, एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी पुरत नाही, तरी भाडं बंद झालं तर घर कशावर चालणार... मराठीत सुरू करून ती इंग्रजीत कधी गेली ते तिला स्वतःलाही कळलं नाही. विषयाला धरून, उदाहरणासकट ती चांगली दोन मिनिटं बोलली.

"मग हे तिथे का नाही बोललीस?"

"मनात वाक्य पूर्ण जुळवेपर्यंत कोणीतरी विषय पुढे नेलेला असतो. मग माझं वाक्य शिळं होतं."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं. मुलगी घाबरट नव्हती. आपली पाळी आली की मगच, पूर्ण आणि निर्दोष बोलायचं, असा नियम तिनं स्वतःला घालून घेतला होता. हा नियम लेखी परीक्षेचा आहे, आणि तिथे तो कामी येतो. गटचर्चेत पाळी कोणी आणून देत नाही.

पुढच्या वेळी मी तिला शाळेतून गुणदानाचा तक्ता आणायला सांगितला. पालकांनो, ही गोष्ट आवर्जून करा. तक्ता गुप्त नसतो, मागितला की मिळतो. मंडळाच्या अभ्यासक्रमात बोलण्यासाठी चार निकष दिलेले आहेत. पहिला, संवादातला सहभाग, म्हणजे बोलण्याला सुरुवात करणं, आपली पाळी घेणं आणि विषयाला धरून राहणं. दुसरा ओघ: वाक्यं एकमेकांना जोडलेली आहेत का, वेग कसा आहे. तिसरा उच्चार. चौथा भाषा, म्हणजे व्याकरण आणि शब्दसंपत्ती.

सानिकाच्या शाळेत प्रत्येक निकषाला पाचपैकी मार्क देऊन वीसची बेरीज पाचवर आणत. अकरावीची तिची ओळ बाईंनी दाखवली. सहभाग 1, ओघ 2, उच्चार 3, भाषा 3. बेरीज 9. चारनं भागलं की सव्वादोन, म्हणून दोन.

ती ओळ आम्ही दोघी बराच वेळ बघत बसलो. मी म्हटलं, "भाषेला पाचपैकी तीनच कसे? तुझं इंग्रजी तर वर्गात वरचं आहे."

"मी एकच वाक्य बोलले. त्यांना तेवढंच ऐकू आलं."

अगदी बरोबर. शिक्षिकेला मार्क कानावर पडलेल्या बोलण्याला द्यायचे असतात. मुलीला काय येतं याचा अंदाज बांधून तिनं मार्क दिले, तर तो बाकीच्यांवर अन्याय होईल. म्हणून गप्प मुलाचे मार्क फक्त सहभागात जात नाहीत. चारही रकान्यांत जातात, कारण चारही रकाने भरायला बोलणंच लागतं. उच्चार आणि व्याकरण घोटून घेणाऱ्या शिकवण्या यावर का चालत नाहीत, हेही त्या ओळीत दिसतं. सानिकाचे उच्चार तीनवरून चारवर गेले असते तर अंतिम मार्कांत पावाची भर पडली असती.

मग ती पहिल्या निकषावर बोट ठेवून म्हणाली, "यात पाळी घेणं लिहिलंय. म्हणजे दुसऱ्याचं वाक्य धरून पुढे बोललं तरी ते माझ्या नावावर?"

"हो. विषयाला धरून असलं की झालं."

"मग पूर्ण मुद्दा तयार असायची गरजच नाही."

तिचा आवाज तिथे बदलला. हे मी तिला सांगितलं असतं तर तिनं मान डोलावली असती आणि विसरली असती. तक्त्यातून तिनं स्वतः काढलं म्हणून ते तिच्या हातात राहिलं. इतकी वर्षं या कामात घालवल्यावर मला कशाचं समाधान वाटत असेल तर अशाच क्षणांचं, जेव्हा उत्तर मुलाच्या तोंडून येतं.

त्यानंतरचं काम साधं होतं. दहा मिनिटांच्या चर्चेत तीनदा बोलायचं आणि पहिलं बोलणं दोन मिनिटं व्हायच्या आत. तेही नवा मुद्दा म्हणून नाही, आधीच्या बोलणाऱ्याला जोडून: 'आय ॲग्री विथ रोहन, बट...' किंवा 'कॅन आय ॲड समथिंग?' एवढ्या चार शब्दांत पाळी आपल्या हातात येते, आणि ते शब्द म्हणेपर्यंत पुढचं वाक्य सुचायला उसंत मिळते. तिसऱ्यांदा बोलताना गप्प बसलेल्या कोणाला तरी प्रश्न विचारायचा. सराव घरीच झाला. बाबा, चुलतभाऊ, शेजारची मैत्रीण आणि टेबलावर मोबाइलवर रेकॉर्डिंग. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये बाबांनीच सगळा वेळ खाल्ला! मी त्यांना तसंच चालू ठेवायला सांगितलं, कारण वर्गात असा एक मुलगा असतोच.

तिला बाईंशी आधी बोलायलाही लावलं. "मला गटात सुरुवात करायला जड जातं, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर बोलले तर चालेल का?" बाईंनी गट आठाचा पाचाचा केला. बोलण्याच्या परीक्षेला गटचर्चाच हवी असं बंधन नाही. भूमिका करणं, भाषण असे प्रकारही शाळा घेऊ शकते, आणि परीक्षा कधी घ्यायची ते शाळा आपल्या सोयीनं ठरवते. ज्या मुलांना अडखळत बोलण्याचा त्रास आहे त्यांच्या पालकांनी ही सवलत आधीच बोलून घ्यावी. परीक्षा झाल्यावर बोलून उपयोग होत नाही.

बारावीत तिची ओळ आली: सहभाग 4, ओघ 3, उच्चार 3, भाषा 4. बेरीज 14, म्हणजे साडेतीन. उच्चार होते तिथेच आहेत, हे मुद्दाम बघा.

ऐकण्याच्या परीक्षेबद्दल थोडक्यात. छोटा उतारा ध्वनिमुद्रित असतो किंवा शिक्षिका वाचतात, आणि मुलं कागदावरचे प्रश्न सोडवतात: पर्याय निवडा, गाळलेली जागा भरा. इथे हुशार मुलांचे मार्क एकाच कारणानं जाताना दिसतात. एका जागेचं स्पेलिंग नीट लिहीत बसतात आणि पुढच्या दोन जागांची उत्तरं कानावरून निघून जातात. उतारा सुरू होण्याआधी प्रश्न वाचून घ्यावेत, ऐकताना पहिली दोन-तीन अक्षरं टिपावीत, शब्द शेवटी पूर्ण करावा.

आता नोंदीबद्दल, कारण भांडणं इथेच होतात. शाळेनं घेतलेल्या उपक्रमांची आणि दिलेल्या मार्कांची नोंद निकालानंतर तीन महिने जपून ठेवायची असते. मंडळ त्यातली कोणतीही पडताळू शकतं. बोलण्याचं रेकॉर्डिंग मंडळाकडे पाठवायचं नसतं. मार्क शाळा मंडळाच्या संकेतस्थळावर भरते, साधारण जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि एकदा भरले की बदलता येत नाहीत. गुणपत्रिकेवर 20 पैकी एकच आकडा येतो, त्यात बोलण्याचे किती ते दिसत नाही. म्हणून मे महिन्यात निकाल हातात घेऊन शाळेत जाणाऱ्या पालकांच्या हाती काही लागत नाही. शंका असेल तर जानेवारीत, मार्क भरण्याआधी, शिक्षिकेला भेटा आणि "मार्क वाढवा" न म्हणता "चार रकान्यांतली ओळ दाखवाल का" एवढंच विचारा. मूलही सोबत असू द्या. पर्वरीच्या गोवा बोर्डाच्या शाळेत असाल तर त्या बोर्डाचा तक्ता शाळेकडून मागवून घ्या. सीबीएसईचे आकडे तिथे लावू नका.