घरातील आजारपणामुळे विमान तिकिटाचे बदलशुल्क माफ करून मागण्याचे पत्र

प्रश्न : वडिलांना अचानक रुग्णालयात दाखल करावे लागले. तारीख बदलण्याचे शुल्क माफ व्हावे म्हणून विमान कंपनीला पत्र कसे लिहू?

उत्तर : पत्राआधी एक काम करा. विमान सुटण्यापूर्वी कंपनीला कळवून सध्याचे आरक्षण रद्द किंवा स्थगित करून घ्या, कारण न कळवता प्रवासी गैरहजर राहिला की बहुतेक भाड्यांमध्ये तिकिटाचे मूल्यच बुडते आणि मग माफीला फारसा आधार उरत नाही.

तारीख बदलताना बदलशुल्क आणि नव्या-जुन्या भाड्यातील फरक अशा दोन वेगळ्या रकमा लागतात. शुल्क माफ झाले तरी फरक द्यावा लागू शकतो, म्हणून दोन्हींचा उल्लेख स्वतंत्रपणे करा. मजकूर साधारण असा ठेवा :

«माझे वडील काल रात्री हृदयविकारामुळे अतिदक्षता विभागात दाखल झाले असून त्यांच्याजवळ माझी उपस्थिती आवश्यक आहे. त्यामुळे वरील आरक्षण क्रमांकावरील प्रवास मी करू शकत नाही. कृपया बदलशुल्क माफ करावे आणि शक्य असल्यास भाड्यातील फरकातही सवलत द्यावी. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.»

प्रमाणपत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर असावे आणि त्यात दाखल झाल्याची तारीख व डॉक्टरांची सही-शिक्का असावा. ती तारीख तिकीट काढल्यानंतरची आहे ना, हे आवर्जून तपासा. आजार अचानक उद्भवल्याचा खरा पुरावा तोच असतो. तपासण्यांचे सगळे अहवाल मात्र पाठवू नका, वडिलांची इतकी खासगी माहिती कंपनीला लागत नाही. तिकीट एजंटमार्फत काढले असेल तर विनंती त्याच्याकडूनही नोंदवून घ्या.