शेवटच्या आठवड्यात नवीन शब्द नकोत

अगं,

तुझा रात्री दीडचा मेसेज आत्ता वाचला. जर्मनच्या बी-वन परीक्षेला सात दिवस राहिलेत आणि तू नवीन शब्दांची मोठी यादी काढून विचारतेयस की रोज किती करू. एकही नको. आज पाठ केलेला शब्द परीक्षेत फार तर ओळखीचा वाटेल, लिहिताना हाताशी येईलच असं नाही, आणि तुझी खरी अडचण तर लिहिण्यातच आहे.

तुझा सरावाचा ईमेल मी पाहिलाय. 'कारण मी आजारी आहे' यासाठी तू 'वाइल इष बिन क्रांक' लिहिलंयस. 'वाइल' आलं की क्रियापद शेवटी जातं, 'वाइल इष क्रांक बिन', हा नियम तुला झोपेतून उठवून विचारला तरी सांगशील, पण घड्याळ लावलं की हात चुकतो. म्हणजे नियम परत वाचून काही होणार नाही, वही मिटून लिहायला लागेल. लेखनाला ६० मिनिटं आणि तीन प्रश्न असतात: मित्राला साधारण ८० शब्दांचा ईमेल, एखाद्या विषयावर तुझं मत तेही ८०, आणि शेवटी ४० शब्दांचा औपचारिक ईमेल. पहिल्या पाच दिवसांत एक दिवसाआड पूर्ण सेट टाइम लावून लिही, मधल्या दिवशी फक्त आपल्या चुका शोध आणि तीच वाक्यं न बघता परत लिही. पहिल्या ईमेलमध्ये तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्ही आले का ते आधी बघ, मग व्याकरण. तुझ्या सेटमध्ये तिसरा मुद्दा गायबच होता!

वाचन सोडून दे. प्रत्येक मॉड्यूलला १०० पैकी ६० लागतात, वाचनात तुला आत्ताच ८० च्या वर पडतायत, तिथले जास्तीचे मार्क लेखनाला उसने मिळत नाहीत. बोलण्यासाठी रोज प्रेझेंटेशन एकदा मोठ्यानं म्हण, बास.

आणि झोप. यावर माझं कोणाशी पटत नाही, पालकही म्हणतात मॅडम मुलांना ढिलं सोडतात. म्हणू देत. मी आळशीपणा शिकवत नाहीये, झोपेत दिवसभराचं पाठांतर पक्कं होतं, १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांच्या प्रयोगात पाठ केल्यावर झोपलेल्यांना जागं राहिलेल्यांपेक्षा जास्त आठवलं होतं. आणि श्रवणाच्या पेपरात दुसरा आणि तिसरा भाग एकदाच ऐकवतात, तिथे डोळ्यावर झोप असली की एक वाक्य सुटतं, ते काय होतं हे आठवत बसलीस की पुढचं प्रश्नासकट जातं. सगळे शब्द येत असूनही मुलं इथे पडतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता वाद घालायचा पेशन्सच उरला नाही.

तर ती यादी आत्ता डिलीट कर. नवीन काही नको, खरंच नको. सहाव्या दिवशी फक्त चुकांची वही चाळ, सातव्या दिवशी संध्याकाळनंतर तीही नको, ओळखपत्र आणि पेन बॅगेत टाक आणि दहाला झोप. उद्या लिहिलेला सेट मला पाठव, सगळ्या 'वाइल'खाली रेघ मारून.

तुझी मॅडम