ओपीडीच्या टोकन काउंटरवर नवीन लागलोय. चिठ्ठीवर छापलेली अंदाजे वेळ चुकते आणि लोक अंगावर येतात. त्यांना नेमकं काय समजावून सांगायचं?

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी अकरा वर्षं काढली. आधी केसपेपरच्या खिडकीत आणि नंतर हाडांच्या ओपीडीबाहेर, टोकनच्या टेबलावर. तुम्ही म्हणता लोक अंगावर येतात. माझ्या अंगावर एकदा एक माणूस आलाच नाही, नुसता बघत राहिला. ते मला आजही खुपतं, म्हणून लिहितोय.

सोमवार होता. रविवारी ओपीडी बंद, त्यामुळे सोमवारी दुप्पट गर्दी, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. सेलूकडचे एक मामा मालकिणीला घेऊन सहाच्या गाडीनं आले होते. तिच्या मनगटाचं प्लास्टर काढायचं होतं. केसपेपर काढून माझ्याकडे आले तेव्हा दहा वाजले होते. त्यांना टोकन मिळालं ६४ आणि स्क्रीनवर चालू होता २१. आत दोन डॉक्टर. चिठ्ठीवर वेळ छापून आली ११.२५.

ही वेळ येते कुठून तेवढं सांगतो, कारण टेबलावर बसणाऱ्यालाही ते कुणी सांगत नाही. पुढं किती जण आहेत ते मशीन मोजतं. इथं २२ ते ६३, म्हणजे ४२ जण. त्याला गेल्या काही पेशंटच्या सरासरी वेळेनं गुणतं. आमच्याकडे तेव्हा ती ४ मिनिटं होती. मग चालू असलेल्या डॉक्टरांच्या संख्येनं भागतं. ४२ गुणिले ४ म्हणजे १६८, भागिले २ म्हणजे ८४ मिनिटं. दहा वाजता चौऱ्याऐंशी मिनिटं मिळवली की जवळपास अकरा पंचवीस. हिशोबात चूक काहीच नाही. पण त्यात तीन गोष्टी धरलेल्या असतात: बेचाळीसच्या बेचाळीस जण हजर राहतील, दोन्ही डॉक्टर जागेवर राहतील, आणि आतापर्यंत जसे पेशंट आले तसेच पुढं येतील. तिन्ही कधीच एकदम खरं होत नाही.

मी मामांना चिठ्ठी वाचून दाखवली, "साडेअकराच्या सुमारास येईल बघा नंबर." ते म्हणाले, "मग हिला काही खाऊ घालून आणतो, पहाटपासून उपाशी हाय." मी म्हणालो, जाऊन या.

झालं असं की पुढच्या बेचाळीसपैकी बारा जण हाकेला आलेच नाहीत. कुणी एक्स-रेच्या रांगेत अडकलं होतं, कुणी टोकन काढून बाहेरच्या दवाखान्यात गेलं होतं, एकाच घरातल्या दोघांनी दोन टोकनं काढून ठेवली होती. उरले तीस. तिसांना दोन डॉक्टरांकडे लागला एक तास. बरोबर अकराला ६४ ची हाक झाली, तीनदा झाली आणि टोकन गैरहजरमध्ये गेलं. मामा आले सव्वाअकराला. मी सांगितलेल्या वेळेच्या आधीच आले होते ते.

आमच्याकडे तेव्हा नियम होता, गैरहजर झालेला शेवटी. शेवटचा नंबर ११० च्या वर गेला होता. साडेअकराला एक डॉक्टर ऑपरेशनला गेले, दीड वाजता ओपीडी उठली आणि त्या दोघांना "उद्या या" म्हणून सांगण्यात आलं. मामा माझ्या टेबलापाशी येऊन एवढंच बोलले, "तुमीच सांगितलं होतं ना साहेब, साडेअकरा म्हणून? आमचं कामून चुकलं?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दोघांचं परतीचं तिकीट, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच खर्च, आणि बाईच्या हातावर प्लास्टर आणखी एक दिवस.

त्या दिवशी आमचे हेडक्लार्क मला सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणूनच सांगतो, वेळ सांगूच नये. बसा म्हणायचं, नंबर आला की बोलावू म्हणायचं." आमचा हा वाद पुढं तीन वर्षं चालला. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, चूक वेळ सांगण्यात नव्हती. चुकीच्या टोकाची वेळ सांगण्यात होती.

नंबर उशिरा आला तर माणूस वैतागतो, पण त्याचा नंबर राहतो. लवकर आला आणि तो जागेवर नसला तर त्याचा नंबरच जातो. ही दोन नुकसानं सारखी नाहीत. मशीन मधली वेळ छापतं, आणि बाहेर जाऊ पाहणाऱ्या माणसाच्या कामाची असते ती सगळ्यात लवकरची. म्हणून "किती वाजता येईल" हे सांगायचंच नाही. "किती वाजेपर्यंत येणार नाही" हे सांगायचं. मामांच्या बाबतीत मी असा हिशोब करायला हवा होता: एक तृतीयांश लोक गैरहजर धरा, बेचाळीसचे झाले अठ्ठावीस, त्यांना लागतील ५६ मिनिटं. म्हणजे दहा छप्पन. दहा मिनिटं हातची ठेवून सांगायचं, पावणेअकरापर्यंत तुम्ही मोकळे, त्यापुढं हलू नका.

याहून पक्कं म्हणजे घड्याळाऐवजी आकडा द्यायचा. "स्क्रीनवर ४५ लागला की या बाकावर येऊन बसा." पंचेचाळीस लागला तेव्हा पुढं अठरा उरतात. त्यातले सहा नाही आले तरी हातात चोवीस मिनिटं असतात. आणि आकडा स्वतःच सुधारत जातो. डॉक्टर निघून गेले तर तो हळू सरकतो, गैरहजर वाढले तर पळतो. छापलेली वेळ मात्र दहा वाजता जी होती तीच चिठ्ठीवर राहते, आत काहीही होवो.

मी मग चिठ्ठीच्या मागं पेनानं तो परतायचा आकडा मोठा करून लिहायला लागलो, मराठी आकड्यात. स्क्रीनवर इंग्रजी आकडे असतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी वडीलधाऱ्यांना ते वाचता येत नाहीत. अशांना शेजारी बसलेल्या एखाद्या पोराच्या हवाली करायचं: "दादा, मावशींना पंचेचाळीस आला की सांग." हे काम लोक आनंदानं करतात. माझं बोलणं साधारण असं असायचं: "मामा, तुमच्या पुढं बेचाळीस माणसं. पावणेअकरापर्यंत नंबर येत नाही. पंचेचाळीस लागला की इथं पाहिजेत तुम्ही. आणि एखादा डॉक्टर ऑपरेशनला गेला तर एक वाजेल, तेवढी तयारी ठेवा." चार वाक्यं. यानंतर तो माणूस दर दहा मिनिटांनी विचारायला येत नाही. हेडक्लार्क म्हणायचे तसं नुसतं "बसा" म्हटलं की सगळे येऊन टेबलाला चिकटतात, कारण त्यांच्याकडे बघायला दुसरं काहीच नसतं.

"लोकांना कळत नाही" हे हेडक्लार्कचं पालुपद होतं. लोकांना सगळं कळतं. बाजार समितीत पट्टीची वाट बघणाऱ्या, पीककर्जासाठी बँकेत दिवस घालवणाऱ्या माणसाला रांग काय असते ते तुम्ही-मी शिकवायचं? त्याला फक्त माहिती हवी असते. आणि बसवून ठेवलेला माणूस मोकळा नसतो हे त्या साहेबांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्याला रक्ताचा रिपोर्ट आणायचा असतो, घरी लेकरू ठेवलेलं असतं, शेवटची गाडी गाठायची असते. बाईमाणसाला तीन तास बाकावर बसा म्हणणं म्हणजे लघवीलाही जाऊ नका म्हणणं आहे.

सगळ्यात जास्त भांडणं "माझ्या मागचा आधी कसा गेला?" यावरून होतात. एक्स-रे काढून परत आलेला पेशंट नव्यानं रांगेत लागत नाही, तो मधे घेतला जातो. गरोदर बाई, दिव्यांग, खूप म्हातारं माणूस यांनाही आधी घेतात. हे भांडण झाल्यावर सांगितलं तर सबब वाटते. म्हणून टोकन देतानाच सांगा. आणि ६४ नेत्रविभागाचा वेगळा, हाडांचा वेगळा, केसपेपरच्या खिडकीचा आणखी वेगळा, हेही. मोबाईलवर क्यूआर स्कॅन करून आभाचं टोकन घेतलेले लोक हमखास गोंधळतात. ते टोकन नोंदणीच्या खिडकीचं आहे, डॉक्टरांचं नाही.

छापलेली वेळ बिघडली हे ओळखायची एक खूण सांगतो. एकापाठोपाठ दिलेल्या चिठ्ठ्या बघा. नंतरच्या टोकनवर आधीच्यापेक्षा लवकरची वेळ छापून आली, की समजा आतला मदतनीस गैरहजरांचे नंबर पटापट पुढं ढकलतोय. आमच्या मशीनला प्रत्येक दाबलेलं बटण म्हणजे एक तपासलेला पेशंट वाटायचा. दहा सेकंदांत एक, असे पाच-सहा धरले गेले की सरासरी चारवरून तीनवर यायची आणि सगळ्या वेळा खोट्या व्हायच्या. उलट, चहाला जाताना बटण तसंच राहिलं तर एकच पेशंट वीस मिनिटांचा होतो आणि वेळा लांब पळतात. अशा वेळी चिठ्ठीवरची वेळ पेनानं खोडा आणि आकडाच द्या. आत जाऊन मदतनीसाला गैरहजरसाठी वेगळं बटण आहे का ते विचारा. आमच्याकडे होतं, दोन वर्षं कुणी वापरलं नव्हतं.

डॉक्टर कमी झाला की वाट बघू नका, लगेच उभं राहून सांगा. पुढं वीस जण असलेल्या माणसाचे चाळीस मिनिटांचे ऐंशी होतात. त्याला ते आत्ता कळलं तर तो ठरवू शकतो.

गैरहजरला शेवटी टाकायचा नियम तुमच्याकडे असेल तर तो बदलून घ्या. आम्ही नंतर केला: तीन हाका, मग बाजूला, आणि परत आला की पुढच्या दोघांनंतर. हेडक्लार्क म्हणाले होते की लोक याचा फायदा घेतील, कुणी जागेवर थांबणार नाही. मी वहीत रोज लिहून ठेवत होतो: टोकन, छापलेली वेळ, खरी हाक, गैरहजर की हजर. महिन्याभरानं वही वैद्यकीय अधीक्षकांसमोर ठेवली. गैरहजर वाढले नव्हते. नियम राहिला. तुमच्या साहेबांना तोंडी सांगू नका, तुम्हीही वही ठेवा.

दोन गोष्टी राहिल्या. सकाळी पहिले दहा-बारा नंबर होईपर्यंत कुणालाच वेळ सांगू नका, आकडाही थोडा कमीचाच द्या. तेव्हा मशीनकडे आदल्या दिवसाची सरासरी असते आणि डॉक्टर वॉर्डातून खाली किती वाजता येतील ते तुम्हाला ठाऊक नसतं. आणि हा सगळा हिशोब बसू शकणाऱ्या पेशंटसाठी आहे. छातीत दुखतंय, दम लागलाय, प्लास्टरच्या हाताची बोटं निळी पडली किंवा बधिर झाली म्हणून कुणी आलं, तर टोकन देत बसू नका. उठा आणि त्याला थेट अपघात विभागात पोचवा. टेबल पाच मिनिटं रिकामं राहिलं तरी चालेल.